पाळणाघराची फी माफ करताना पैसे कुणाच्या खिशातून जातात?

रमजान जवळ आला की आपल्या मोहल्ल्यातल्या धर्मादाय ट्रस्टांच्या बैठका सुरू होतात. अशाच एका ट्रस्टच्या पाळणाघराचे अंदाजपत्रक नुकतेच माझ्याकडे आले होते. फी माफीच्या जागा वाढवायच्या आणि खर्च जुळवण्यासाठी एक सेविका कमी करायची, असा त्यात प्रस्ताव होता. विश्वस्तांची नियत साफ आहे, पण हा हिशोब चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे आकड्यांशिवाय समजणार नाही, म्हणून आधी थोडे आकडे मांडतो.

भिवंडी किंवा मालेगावसारख्या यंत्रमागाच्या शहरातले तीस मुलांचे पाळणाघर घेऊ. आया कांड्या भरतात, शिलाईच्या कारखान्यात जातात, धुणीभांडी करतात. तीसपैकी दहा मुले दोन वर्षांच्या आतली आहेत, वीस दोन ते पाच वर्षांची. पाच तान्ह्यांमागे एक सेविका आणि दहा मोठ्या मुलांमागे एक, असे प्रमाण धरले तर चार सेविका पुरतात असे वाटते. बहुतेक अंदाजपत्रके इथेच फसतात.

पाळणाघर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, म्हणजे दहा तास उघडे असते. चार जणी प्रत्येक तासाला मुलांजवळ हव्यात, म्हणजे रोज चाळीस तासांचे काम झाले. एक सेविका आठ तास येते. त्यातला अर्धा तास जेवण आणि नमाजचा सोडला तर साडेसात तास मुलांजवळ असते. चाळीसला साडेसातने भागले की पाच पूर्णांक एक तृतीयांश येतात. आजारपण, ईद, माहेरची लग्ने अशा वर्षभरातल्या सुट्ट्या मिळवल्या की हा आकडा पावणेसहाच्या आसपास जातो. म्हणून कागदावरच्या ‘चार’साठी प्रत्यक्षात सहा जणी नेमाव्या लागतात. प्रस्तावात हीच सहावी सेविका ‘जादा’ ठरली होती.

ती जादा आहे की नाही हे पाहायचे असेल तर विश्वस्तांनी उद्घाटनाच्या दिवशी न जाता दुपारी दीड वाजता किंवा संध्याकाळी साडेपाचला जावे. माणसे कमी असली की सगळी मुले एकाच खोलीत टीव्हीसमोर बसवलेली दिसतात. तान्हे मूल झोळीतून बाहेरच येत नाही. दुधाची बाटली उशीला टेकवून त्याच्या तोंडात दिलेली असते, कारण त्याला मांडीवर घ्यायला हात मोकळा नसतो. त्याच्या घशात दूध अडकले तर पाहायलाही कुणी नसते. हे सेविकेचे पाप नाही, तिला त्या जागी एकटे उभे करणाऱ्या अंदाजपत्रकाचे आहे.

आता महिन्याचा खर्च. सेविकेला १४,००० रुपये धरू. तुमच्या भागातला किमान वेतनाचा दर पाहून हा आकडा बदला. सहा सेविकांचे ८४,०००, संचालिकेचे २०,००० आणि स्वयंपाकीण बाईचे १४,००० मिळून पगार झाला १,१८,०००. जेवणात सकाळी दूध आणि केळे किंवा अंडे, दुपारी डाळखिचडी आणि भाजी, चार वाजता उपमा किंवा शिरा. मुलामागे रोज ३५ रुपये, महिन्याचे २६ दिवस आणि सरासरी ८५ टक्के हजेरी धरली तर साधारण २३,००० होतात. भाडे आणि वीज २०,०००. साबण, औषधे, चादरी, खेळणी यांचे ९,०००. एकूण १,७०,०००, म्हणजे एका मुलामागे जवळपास ५,७०० रुपये.

यात पगाराचा वाटा सत्तर टक्के आहे आणि जेवणाचा चौदासुद्धा नाही. पण देणगीदाराला मुलांना खाऊ घालायला आवडते, पगार द्यायला आवडत नाही. कुणी तांदळाची पोती पाठवतो, कुणी अकिकेचे मटण. दुवा घ्यावी, पण सेविकेचा पगार पोत्यातून निघत नाही. सरकारचाही दृष्टिकोन वेगळा नव्हता. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस होती आणि त्यांचे महिन्याचे मानधन होते ३,००० आणि १,५०० रुपये. मूल सांभाळणे हे बाईचे फुकटचे काम, ही समजूत दिल्लीपासून आपल्या मोहल्ल्यापर्यंत एकसारखीच आहे.

आता फी. पूर्ण फी ३,००० ठेवली. दहा मुले पूर्ण फी देतात, बारा मुले १,२०० देतात आणि आठ मुलांना पूर्ण माफी आहे. हातात येतात ४४,४००. ट्रस्टच्या वहीत एवढाच आकडा लिहिला जातो आणि माफी कुठेच दिसत नाही. तो असा लिहायला हवा: सर्वांनी भरली असती तर फी ९०,०००, त्यातून सवलत वजा ४५,६००, शिल्लक ४४,४००. सवलत ही खर्चाची बाब आहे, तिच्यासमोर पैसे कुठून येणार हे लिहिलेच पाहिजे. नाहीतर नवी माफी गुपचूप सेविकेच्या पगारातून आणि तान्ह्याच्या वाट्याच्या वेळेतून वसूल होते.

असे लिहिले की दोन वेगळे खड्डे दिसतात. सगळ्यांनी पूर्ण फी भरली तरी ८०,००० कमी पडतात, हा पहिला. सवलतीचे ४५,६०० हा दुसरा. आपल्याकडे जकातीचा प्रश्न इथेच येतो. हनफी उलेमांच्या मते जकात गरजूच्या मालकीची करून द्यावी लागते. इमारत किंवा पगारावर ती थेट खर्च होत नाही. काही ट्रस्ट ‘आमिलीन’च्या नावाखाली सेविकांचे पगार जकातीतून काढतात, पण तो वाटा जकात गोळा करणाऱ्यांचा आहे. मग सरळ मार्ग असा: निसाबपेक्षा कमी ऐपत असलेल्या आईच्या हातात जकातीची रक्कम द्यावी, तिने ती फी म्हणून भरावी आणि इतरांसारखीच पावती घ्यावी. ती तेव्हा खैरात मागणारी राहत नाही, फी भरणारी पालक होते. दुसऱ्या खड्ड्याचा मोठा भाग असा भरतो.

मोठा म्हणालो, सगळा नाही. उलेमांच्या बहुमतानुसार जकात गैरमुस्लिमांना देता येत नाही आणि सय्यद घराण्यांनाही नाही. पण शेजारच्या गल्लीतली धुणीभांडी करणारी हिंदू बाई तिचे मूल घेऊन आली तर? तिची माफी सदक्यातून द्यावी, सदक्याला अशी अट नाही. पैसा कोणत्या खात्यातला आहे हे फक्त हिशोबनिसाला कळावे. दारात उभ्या असलेल्या आईला ‘तुमच्यासाठी फंड नाही’ असे ऐकावे लागले, तर धर्मादाय शब्द पाटीवरून पुसून टाकावा.

पहिला खड्डा वर्षाला ९,६०,००० रुपयांचा आहे. तो सदका, मासिक देणग्या आणि कारखानदारांकडूनच भरायचा आहे. ज्या यंत्रमागांवर या बाया राबतात त्यांच्या मालकांनी तांदळाऐवजी एकेका सेविकेचा वर्षाचा पगार, म्हणजे १,६८,००० रुपये, उचलावा. शिवाय जवळपास सगळी देणगी रमजानात येते आणि पगार बारा महिने द्यावे लागतात. म्हणून ईदनंतर तीन महिन्यांचे पगार बाजूला ठेवल्याशिवाय नवी जागा जाहीर करू नये.

त्या ट्रस्टला मी हेच लिहून कळवले आहे. आठऐवजी बारा मुलांना माफी द्या, पण त्या चार जागांचे महिन्याचे १२,००० कोण देणार त्याचे नाव आधी वहीत लिहा. नाव सापडेपर्यंत आठच ठेवा आणि सहावी सेविका कामावर राहू द्या.