मावशीची शेवटून पहिली सीट

मागच्या डिसेंबरात आम्ही तेहतीस जण पुण्याहून अष्टविनायकाला गेलो. म्हणजे आठ नव्हे, सहाच. थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव, रात्री ओझरला मुक्काम, सकाळी लेण्याद्री. महड-पाली नंतरच्या खेपेला.

सीट नंबर पैसे भरल्याच्या क्रमाने दिले होते. ऐकायला अगदी न्याय्य! आमच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या मावशीचे पैसे सगळ्यात शेवटी पोचले, म्हणून तिला शेवटची रांग मिळाली. ती रांग मागच्या चाकांच्याही मागे असते. गतिरोधकावर चाक उचललं की तिथला माणूस हातभर उडतो. सिद्धटेकपर्यंत तिची कंबर गेली. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या तिने खालूनच पाहिल्या, हात जोडून.

वयाचा मान म्हणून म्हाताऱ्यांना पहिली रांग द्यावी, हेही मला पटत नाही. तिथे समोर धरायला सीटच नसते आणि करकचून ब्रेक लागला की माणूस पुढे जातो. दोन्ही चाकांच्या मधल्या, त्यातल्या पुढच्या रांगा त्यांच्या. तीही खिडकी नको, आतली बाजू हवी. पाय लांब करता येतो, आणि लघवीला उठताना कुणाची परवानगी लागत नाही. खिडक्या ओकणाऱ्या पोरांना द्याव्यात. आणि हो, आजीला नातू शेजारी हवा असतो, पण तो झोपतो तिच्या मांडीवर आणि मग तिचे पाय बधिर होतात. नातू पलीकडच्या रांगेत बरा.

दर थांब्याला सगळ्यांनी दोन-दोन रांगा सरकायचं, हा उपाय तरुणांपुरताच ठेवावा. गोळ्यांची डबी, पाण्याची बाटली, शाल असा संसार घेऊन म्हातारं माणूस किती वेळा उठणार?

दुसरा घोळ गाडीत चढण्याच्या जागांचा. कोथरूड पावणेपाचला, मग स्वारगेट, मग हडपसर. प्रत्येक जागी दहा मिनिटं धरली होती, डिकीत सामान लावेपर्यंत पंचवीस होत होती. कोथरूडची मावशी पुण्याबाहेर पडायच्या आधीच सव्वा तास बसून होती. तिला रिक्षाने थेट हडपसरला सोडलं असतं तर तासभर झोप तरी मिळाली असती.

बरं, 'आधी चढला तो शेवटी उतरेल' हा हिशेबही इथे चालत नाही. जाताना सोलापूर रस्ता, येताना चाकणवरून नाशिक रस्ता. म्हणजे गाडी शहरात उत्तरेकडून शिरते आणि हडपसरवाले सगळ्यात शेवटी घरी. शिवाय गाडीचं दार डावीकडे, आणि येताना गाडी उलट्या दिशेने. सकाळी चढलात त्याच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, रात्री अकराला उतरायचं. आमच्या एका काकांनी हातात पिशवी घेऊन तो रस्ता कसा ओलांडला, ते मी पाहिलंय.

असो. आता महड-पालीची यादी माझ्याकडे आली आहे. मावशी चौथ्या रांगेत, आतल्या बाजूला. गाडी या वेळी पश्चिमेला जाणार, म्हणून सुरुवात हडपसरहून आणि कोथरूड शेवटी. हडपसरच्या सत्तरीच्या काकूंना थेट कोथरूडला आणायला रिक्षा सांगायची आहे. काकू म्हणतात, "एवढ्या लांब रिक्षा? मी बसेन की गाडीत!" आज परत फोन करतो.