‘व’ एक, इंग्रजी आवाज दोन

तेरच्या आमच्या वर्गात ‘वी लिव्ह इन अ व्हिलेज’ हे वाक्य वाचायला दिले, की बहुतेक मुले त्यातले तिन्ही ‘व’ एकाच तऱ्हेने म्हणतात. खरे तर पहिला ‘व’ डब्ल्यूचा आणि पुढचे दोन व्हीचे. मराठीत ‘व’ हे एकच अक्षर आहे, उर्दूत वावही एकच. हा आपला ‘व’ दोन्ही इंग्रजी आवाजांच्या मधोमध पडतो. त्यात खालचा ओठ दातांजवळ येतो, पण घासत नाही आणि ओठ गोलही होत नाहीत. म्हणून आपल्या कानाला तो फरक जाणवत नाही.

मकतबमध्ये कायदा शिकलेल्या मुलांना या दोन्ही आवाजांच्या जागा आधीच ठाऊक असतात. ‘फे’चा मखरज म्हणजे वरच्या पुढच्या दातांची कड आणि खालच्या ओठाची आतली बाजू. व्हीची जागा तीच. फक्त ‘फे’ला गळा थरथरत नाही, व्हीला थरथरतो. गळ्यावर बोटे ठेवून ‘फ्फ्फ’ लांबवा, दात न हलवता त्यात आवाज मिसळा, की व्ही तयार. ओठाला गुदगुल्या होतात आणि श्वास पुरेल तोवर तो लांबवता येतो.

अरबी वाव दोन्ही ओठांतून, ते गोल करून निघतो. डब्ल्यूही तसाच. तोंड ‘ऊ’साठी गोल करा, ‘ऊ-एट’ म्हणा, मग भरभर म्हणा, की ‘वेट’ (ओला) जमतो. दात लावून म्हटले तर तोच शब्द ‘व्हेट’ (जनावरांचा डॉक्टर) होतो.

मराठी लेखन इथे थोडे चकवते. व्हीसाठी आपण ‘व्ह’ लिहितो, व्हॅन, व्हिडिओ. पण चाकाला ‘व्हील’ आणि पांढऱ्याला ‘व्हाइट’ असेही लिहितो. त्यांचे इंग्रजी स्पेलिंग डब्ल्यूने सुरू होते, म्हणून तिथे ओठ गोलच हवेत. शिवाय ‘व्ह’मधला ‘ह’ इंग्रजी व्हीत नसतो.

घरी पहिले चार दिवस फक्त व्ही घ्या, पुढचे चार दिवस फक्त डब्ल्यू, आणि मगच मिसळा. घाई केली, की मूल सगळीकडे दात लावू लागते आणि ‘वॉटर’चेही ‘व्हॉटर’ होते. शेवटी ‘ट्वेल्व्ह’ घ्या. त्यात आधी गोल ओठ, शेवटी दात, असे दोन्ही येतात.

तपासायला आईला इंग्रजी यावे लागत नाही. मुलाच्या तोंडाकडे पाहावे. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले दिसतात. डब्ल्यूला ओठ चंबूसारखे गोल होतात आणि दात दिसत नाहीत. मूल एकटे असेल, तर हेच काम आरसा करतो.