स्लो फोनचं न सांगितलेलं कारण

‘फोन स्लो झालाय, आता नवा घ्यायला हवा’ असं आपण इतक्या सहज म्हणतो, की तो स्लो का झाला हे विचारायचंच राहून जातं. २०१७ साली काही लोकांनी ते विचारलं आणि ॲपलला जाहीर माफी मागावी लागली.

लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. अशा वेळी प्रोसेसरने एकदम जास्त करंट ओढला तर व्होल्टेज घसरतं आणि चार्जिंग शिल्लक असतानाही फोन बंद पडतो. आयफोन ६ आणि ६एसचं हेच होत होतं. म्हणून जानेवारी २०१७मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ या अपडेटने थकलेल्या बॅटरीच्या फोनमध्ये प्रोसेसरच्या वेगालाच लगाम घातला.

इंजिनिअरिंग म्हणून यात गैर काही नाही. पण हा लगाम घातल्याचं ग्राहकाला कुणी सांगितलंच नाही. डिसेंबरमध्ये गीकबेंच या वेग मोजणाऱ्या ॲपच्या जॉन पूल यांनी आकडे मांडून दाखवलं, की अपडेटनंतर एकाच मॉडेलचे अनेक फोन ठरावीक खालच्या वेगांवर अडकलेत. मग ॲपलने कबुली दिली आणि अमेरिकेत ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला बदलून देऊ केली. बॅटरी बदलली की फोन पुन्हा पहिल्यासारखा पळायचा.

आता हिशेब बघा. जानेवारी २०१९मध्ये टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं. लोक अपेक्षेइतके नवे आयफोन घेत नाहीत, याच्या कारणांत त्यांनी स्वस्तात बदलून मिळालेल्या बॅटऱ्याही मोजल्या. म्हणजे खरं कारण कळल्यावर अनेकांना नवा फोन नकोच होता! फोनचं आयुष्य आपण मुद्दाम कधीच कमी केलं नाही, असं ॲपल म्हणते. हेतूवर वाद घालत बसायची गरज नाही. फायदा कुणाचा झाला असता, ते त्या पत्रातच आहे. २०२० साली फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड केला, तोही माहिती दडवल्याबद्दल.

या दडवण्याची किंमत फक्त खिशाला बसत नाही. ॲपलच्याच पर्यावरण अहवालांनुसार आयफोनच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला साधारण चार-पंचमांश भाग तो बनतानाच होतो. खाणीतून कोबाल्ट काढून, चिप घडवून तयार झालेली वस्तू एका छोट्या सुट्या भागापायी टाकून देणं याला प्रगती कसं म्हणायचं?

फ्रान्समध्ये २०२१ साली फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्तीसाठी दहापैकी किती गुण, हे विकतानाच दाखवणं बंधनकारक झालं. आपल्याकडे पंख्यावर आणि फ्रिजवर विजेचे तारे छापता येतात, तर हे गुणही छापता येतील. तोपर्यंत फोन मंदावला की आधी सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीची तब्येत बघा. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेली असेल, तर नव्या फोनची जाहिरात बघण्याआधी बॅटरीचा भाव विचारा.