सारखे गुण, उलट चुका

एका शाळेच्या सहावीच्या पायाभूत चाचणीचा तक्ता या आठवड्यात पाहण्यात आला. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे एकूण गुण आणि तळाशी वर्गाची सरासरी एवढाच तपशील होता. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मात्र बांधून दप्तरी दाखल झाले होते. अभ्यासक्रमाच्या आरंभी, विद्यार्थ्याला काय येते हे जाणून घेण्यासाठीच घेतलेल्या चाचणीची ही गत पाहून संताप अनावर होतो.

दशांश अपूर्णांकांचे उदाहरण घ्यावे. चाचणीत मोठी संख्या ओळखण्याचे दहा प्रश्न आहेत; त्यांपैकी पाच ४.८ आणि ४.६३ या धर्तीचे, तर उरलेले पाच ५.७३६ आणि ५.६२ या धर्तीचे. एक मुलगी दशांश चिन्हापुढील अंकांना पूर्णांक समजते. त्रेसष्ट आठांहून मोठे म्हणून ती ४.६३ निवडते, आणि त्याच न्यायाने ५.७३६ निवडताना तिचे उत्तर बरोबर येते. तिच्या शेजारच्या मुलाने सहस्रांश हा दशांशाहून लहान असतो एवढेच मनाशी घट्ट धरलेले असल्यामुळे ज्या संख्येत अंक कमी, ती त्याला मोठी वाटते, म्हणून ४.८ तो अचूक निवडतो आणि ५.६२ पाशी चुकतो. दोघांनाही दहापैकी पाच गुण! तक्त्यात ही दोघे एकसारखी दिसतात, परंतु मुलीला दशांश, शतांश ही स्थाने वेगळी करून दाखवली पाहिजेत, तर मुलाला संख्यारेषेवर ५.६ च्या पुढे ५.७ आणि त्याच्याही पुढे ५.७३६ कोठे पडते हे आखून दाखवले पाहिजे. मेलबर्न विद्यापीठातील के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी अशाच जोड्यांची चाचणी रचून या समजुती वेगवेगळ्या ओळखता येतात, हे दाखवून दिले आहे.

एका धर्तीचे चार-पाच प्रश्न यासाठीच हवेत की एखादी चूक नजरचुकीनेही होते. पाचांपैकी पाचही चुकले आणि दुसऱ्या धर्तीचे पाचही बरोबर आले, तरच तिथे समजूत काम करते आहे असे मानावे. याला निराळ्या यंत्रणेची गरज नाही. धर्तीनुसार गुणांचे दोन रकाने आखले, म्हणजे एका तासिकेत शिक्षक वर्गाचे गट पाडू शकतात.

शेवटी शून्य जोडून ४.८० आणि ४.६३ अशी तुलना करण्याची युक्ती आपल्याकडे सर्रास शिकवतात. तिने दोघांचीही उत्तरे बरोबर येतात, पण मुलगी तेव्हाही ऐंशी आणि त्रेसष्ट या पूर्णांकांचीच तुलना करीत असते, आणि त्यानंतर घेतलेल्या चाचणीत तिची समजूत दिसेनाशी होते. म्हणूनच ही चाचणी ती युक्ती शिकवण्यापूर्वी झाली पाहिजे, आणि त्या शाळेने दशांशाचा पाठ सुरू करण्याआधी ते गठ्ठे सोडून उत्तरपत्रिका वर्गशिक्षकांच्या हाती दिल्या पाहिजेत.