वकिलाची पाटी, वकिलाची ओळख आणि आपण

आमच्या ओळखीतला एक तरुण वकील. घरात पहिला पदवीधर, पहिला सनदधारक. तालुक्याच्या कोर्टासमोर एका खोलीत त्याने ऑफिस थाटले आणि स्वतःची वेबसाइट काढायचे ठरवले. ओळखीचा मजकूर त्याने आम्हाला वाचायला दिला, तो असा होता: 'अ‍ॅट्रॉसिटी केसेसचे तज्ज्ञ. शंभराहून अधिक केसेसमध्ये यश. अमुक संघटनेचे कायदेशीर सल्लागार. बार असोसिएशनचे माजी सहसचिव. मोफत सल्ल्यासाठी आजच फोन करा.' सोबत कोर्टाच्या पायऱ्यांवर पक्षकारासह काढलेला फोटो.

आम्ही त्याला सांगितले, गड्या, यातली एकही ओळ राहू शकत नाही. तो चिडला. म्हणाला, "ज्याचा बाप आणि आजा वकील, त्याला जाहिरात लागत नाही. मला लागते, तर मलाच बंदी?"

त्याचा प्रश्न खोटा नाही. बाबासाहेब १९२३ मध्ये मुंबईत वकिलीला उभे राहिले, तेव्हा पदव्यांची कमतरता नव्हती. पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. काम ओळखीतून येते आणि ओळख जातीतून येते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरीही त्याच्या मजकुराच्या बाजूने आम्ही उभे राहणार नाही. का, ते नीट समजून घेऊ.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ सांगतो की वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करू नये, दलालांमार्फत काम मागू नये, स्वतः लढवत असलेल्या प्रकरणांच्या संदर्भात आपले फोटो छापून आणू नयेत. नामफलक बेताच्या आकाराचा असावा. त्यावर आपण कोणत्या संघटनेशी वा चळवळीशी जोडलेले आहोत, कशात तज्ज्ञ आहोत, बारचे पदाधिकारी किंवा माजी न्यायाधीश आहोत, यातले काहीही नसावे. हा नियम हवेतून आला नाही. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दारात वकील पक्षकारांवर झडप घालून त्यांच्या हातातली कागदपत्रे ओढून घेत, असे आरोप असलेले दाभोलकर प्रकरण १९७०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. त्या दारात येणारा बहुतेक वेळा गरीबच असतो. ओढाताण होते ती त्याचीच.

२००८ मध्ये या नियमाला एक खिडकी पाडली गेली. वकील वेबसाइटवर ठरलेली माहिती देऊ शकतो: नाव, पत्ता, फोन, ई-मेल, सनद क्रमांक, सनदेची तारीख, राज्य बार कौन्सिल आणि बार असोसिएशनचे नाव, शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता, आणि कामाची क्षेत्रे, म्हणजे दिवाणी, फौजदारी, कर, कामगार वगैरे. माहिती खरी असल्याचे निवेदन जोडायचे, बार कौन्सिल ऑफ इंडियाला कळवायचे आणि मंजुरी घ्यायची. मंजुरीपलीकडची एक ओळ वाढवली तरी तो नियमभंग. त्याबद्दल अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली समज मिळू शकते, सनद काही काळ निलंबित होऊ शकते किंवा कायमची जाऊ शकते. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन जाहिरातींवर कारवाईचे आदेश दिले, तेव्हापासून हे फक्त कागदावर राहिलेले नाही. आणि तक्रार झाली तर आधी कोणावर होईल, हे आम्ही सांगायची गरज नाही.

मग मित्राचा मजकूर घेऊन बसलो. 'तज्ज्ञ' काढले, 'फौजदारी' लिहिले. तज्ज्ञ हा दावा आहे, फौजदारी हे क्षेत्र आहे. संघटनेचे नाव काढले. त्याला ते सर्वांत जड गेले, कारण चळवळ ही त्याची खरी ओळख. पण चळवळ सभेत दिसते, वस्तीत दिसते. ती पाटीवर गिऱ्हाईक आणायला लावली की चळवळीचाच भाव ठरतो. माजी सहसचिवपद गेले, सभासद असलेल्या बार असोसिएशनचे नाव राहिले. फोटो आणि 'आजच फोन करा' गेले. फोन नंबर राहिला.

'शंभर केसेसमध्ये यश' मात्र नियम नसता तरी आम्ही कापले असते. अत्याचाराचा खटला सरकारी पक्ष चालवतो. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. पंचनामा, जबाब, जातीचा दाखला, साक्षीदारांचे संरक्षण यांवर निकाल उभा राहतो किंवा पडतो. पीडिताचा वकील त्यात मदत करतो, जागता ठेवतो, चुका दाखवतो. पण 'मी जिंकलो' म्हणणारा वकील त्या घरातल्या बाईला खोटी हमी विकत असतो.

"मग अनुभव सांगायचा कसा?" त्याने विचारले. उत्तर त्याच यादीत आहे: सनदेची तारीख. ही ओळ आपले लोक वाचतच नाहीत, आणि तीच सर्वांत बोलकी आहे. त्याची सनद जुलै २०१७ची. म्हणजे जुलै २०२४ मध्ये त्याला सात वर्षे पूर्ण झाली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ नुसार विशेष सरकारी वकील व्हायला किमान सात वर्षांची वकिली लागते. १९९५ च्या नियमांतल्या नियम ४ प्रमाणे विशेष न्यायालयांसाठी वकिलांचे पॅनल करायचे, त्यालाही हीच अट. शिवाय पीडिताची इच्छा असेल तर जिल्हाधिकारी त्याच्यासाठी नामवंत ज्येष्ठ वकील नेमू शकतो. 'तज्ज्ञ' शब्दाने त्याला यातले काहीच मिळाले नसते. तारखेने पॅनलसाठी अर्ज करायची पात्रता दाखवली. अर्थात तारीख फक्त काळ सांगते, काम किती केले ते सांगत नाही. ते कोर्टात जाऊन, त्याला उलटतपासणी घेताना पाहूनच कळते.

आता कार्यकर्त्यांशी थोडे. वकील जाहिरात करू शकत नाही, पण आपण पीडिताला माहिती देऊ शकतो. प्रत्येक तालुक्यात एक वही ठेवा: वकिलाचे नाव, सनदेची तारीख, कामाचे क्षेत्र, पॅनलवर आहे की नाही. एका नावाऐवजी तीन नावे सांगा, निवड त्या कुटुंबाला करू द्या. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, हेही आधी सांगा. आणि वकिलाकडून एक रुपया घेऊ नका. पक्षकार आणून देण्याचे पैसे घेतले की कार्यकर्ता दलाल होतो, आणि आपल्यासोबत त्या वकिलाची सनदही धोक्यात घालतो.

नियम ३६ वर आमचा आक्षेप आहेच. आडनावाची आणि वडिलांच्या चेंबरची जाहिरात तो थांबवू शकत नाही, फक्त नवख्याचा आवाज थांबवतो. पण याचे उत्तर नवख्यानेही ओरडावे हे नाही. नियम ४ खालचे पॅनल, सनदेच्या तारखांसह, प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर मराठीत लागले पाहिजे, ही मागणी घेऊन आपण गेले पाहिजे. त्या फलकावर बापाचे नाव कामाला येत नाही.

मित्राची ओळख शेवटी नऊ ओळींत बसली. त्याने ती मंजुरीसाठी पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी पॅनलचा अर्ज लिहायला घेतला.

जय भीम.