दोन्ही डब्यांवर 5डब्ल्यू-30, मग एक ऑइल इंजिन जास्त का सांभाळतं?

बुलढाणा तालुक्यातलं धाड हे बुलढाणा-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं बाजारपेठेचं गाव आहे. इथून माल घेऊन मलकापूरला जायचं, तर बुलढाण्यावरून राजूर घाट उतरावा लागतो आणि येताना तोच घाट चढावा लागतो. मे महिन्यात खालच्या पट्ट्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, गाडी भरलेली असते आणि चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिन बराच वेळ जोर लावत असतं. इंजिन ऑइलची खरी परीक्षा अशाच वेळी होते.

ऑइल घेताना मात्र दुकानात एकच प्रश्न विचारला जातो, ग्रेड कोणता? 5डब्ल्यू-30 म्हटलं की समोर दोन-तीन डबे येतात. ग्रेड सारखाच असल्यामुळे स्वस्त डबा उचलला जातो. पण त्या डब्यांमधली ऑइलं घाटात सारखी वागतीलच असं नाही. हा फरक ज्या आकड्यात दिसतो त्याचं नाव एचटीएचएस, म्हणजे जास्त तापमान आणि जास्त शिअरला मोजलेला ऑइलचा घट्टपणा. डब्यावर तो बहुतेक वेळा छापलेलाच नसतो.

ग्रेड नेमकं काय सांगतो?

5डब्ल्यू-30 मधला पहिला भाग थंडीतला आहे. कडाक्याच्या थंडीत ऑइल किती सहज हलतं, हे तो सांगतो. धाडच्या हवामानात त्याचा कस फारसा लागत नाही.

'30' हा आकडा मुख्यतः 100 अंश सेल्सिअसच्या चाचणीवरून ठरतो. ऑइल एका बारीक काचेच्या नळीतून फक्त स्वतःच्या वजनाने खाली वाहू देतात आणि लागलेला वेळ मोजतात. त्यावरून येणारा आकडा 9.3 ते 12.5 सेंटिस्टोकच्या दरम्यान असला की ते 30 ग्रेडचं ऑइल. हा पट्टाच मुळात रुंद आहे. 9.5 चं ऑइलही '30' आणि 12 चं ऑइलही '30'.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे. नळीत ऑइल संथपणे वाहतं, इंजिनमध्ये त्याला ती सवलत नसते.

बेअरिंगमध्ये ऑइलचं काय होतं?

क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकून फिरत नाही. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. 50 मिलिमीटर व्यासाचा जर्नल मिनिटाला 3000 फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे 7.85 मीटर होतो. जोर जास्त असताना सगळ्यात अरुंद जागी ऑइलचा थर 5 मायक्रॉनचा धरू. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, यावरून कल्पना येईल.

म्हणजे थराची एक बाजू जागेवर आणि दुसरी सेकंदाला पावणेआठ मीटरने पळते आहे, आणि मध्ये अंतर फक्त 5 मायक्रॉन. थर असा ओढला जाण्याला शिअर म्हणतात. वेगाला जाडीने भागलं की शिअरचा दर मिळतो:

7.85 ÷ 0.000005 = 15,70,000 प्रति सेकंद

म्हणजे दहा लाखांच्या वर. म्हणूनच एचटीएचएस चाचणी 150 अंश सेल्सिअसला आणि सेकंदाला दहा लाख या शिअर दराला केली जाते. चाचणीची ही परिस्थिती बेअरिंगमधल्या परिस्थितीशी जुळणारी आहे.

तिथे ऑइल किती पातळ होतं? साध्या पाण्याचा घट्टपणा 20 अंशाला सुमारे 1 मिलिपास्कल-सेकंद असतो. 30 ग्रेडच्या ऑइलसाठी एचटीएचएसची किमान अट 2.9 आहे. डब्यातून ओतताना मधासारखं वाटणारं ऑइल बेअरिंगमध्ये पाण्याच्या तिप्पटच घट्ट उरतं. तेवढ्यावरच क्रँक तरंगतो.

मग सारख्या ग्रेडमध्ये फरक कुठून येतो?

मल्टिग्रेड ऑइल बनवताना पातळ बेस ऑइलमध्ये पॉलिमर मिसळतात. हे लांब साखळीचे रेणू गरम झाले की लोकरीच्या गुंड्यासारखे पसरतात आणि ऑइलला फार पातळ होऊ देत नाहीत. थंडीत सैल आणि उन्हात घट्ट असं दुहेरी काम त्यांच्यामुळे होतं.

नळीच्या संथ चाचणीत हे गुंडे फुगलेले असतात, त्यामुळे आकडा चांगला येतो. बेअरिंगच्या फटीत मात्र ते ओढले जाऊन प्रवाहाच्या दिशेने लांब होतात आणि त्यांचा अडथळा कमी होतो. ऑइल त्या क्षणापुरतं पातळ होतं आणि फटीतून बाहेर आलं की पुन्हा पूर्ववत होतं. जे ऑइल पॉलिमरवर जास्त अवलंबून आहे, त्याची घसरण जास्त. ज्याचं बेस ऑइलच मुळात चांगलं आहे, त्याची कमी. त्यामुळे 100 अंशाला अगदी सारखा आकडा देणारी दोन ऑइलं बेअरिंगमध्ये वेगळी निघू शकतात.

काही साखळ्या कायमच्या तुटतातही. मोटारसायकलमध्ये गिअरबॉक्सलाही तेच ऑइल असतं आणि गिअरच्या दातांमध्ये पॉलिमर चिरडले जातात. म्हणून दुचाकीत हा त्रास जास्त होतो. नवं ऑइल अटीत बसणारं असतं, काही हजार किलोमीटरनंतर तेच अटीच्या खाली जाऊ शकतं.

दोन 5डब्ल्यू-30 शेजारी ठेवले तर?

युरोपमधल्या वाहन उत्पादकांच्या एसीईए या संघटनेने ऑइलचे वर्ग केले आहेत. त्यातल्या ए5/बी5 वर्गासाठी एचटीएचएस 2.9 ते 3.5 च्या दरम्यान ठेवायचा असतो. सी3 वर्गासाठी तो किमान 3.5 लागतो. दोन्ही वर्गांत 5डब्ल्यू-30 ऑइल मिळतं. फोर्डचं 913-डी हे मानक पहिल्या प्रकारच्या ऑइलचं, तर फोक्सवॅगनचं 507 00 हे दुसऱ्या प्रकारचं.

आता समजा धाडच्या दुकानातल्या एका डब्यात एचटीएचएस 2.9 आहे आणि शेजारच्या डब्यात 3.5. आकडे जवळचे वाटतात, पण दुसरं ऑइल तिथे सुमारे 20 टक्के घट्ट आहे. समतल रस्त्यावर रिकामी गाडी चालवताना दोन्ही ऑइलं काम निभावतील. राजूर घाटात, कमी वेगाच्या फेऱ्यांवर जास्त जोर पडतो तेव्हा थर आधीच पातळ झालेला असतो. अशा वेळी 3.5 साठी बनवलेल्या इंजिनात 2.9 चं ऑइल असेल, तर धातूला धातू लागण्यापूर्वीची शिल्लक जागा कमी होते.

ट्रकच्या ऑइलमध्येही हे दिसतं. अमेरिकेतल्या एपीआय संस्थेने डिसेंबर 2016 मध्ये डिझेल इंजिनांसाठी दोन वर्ग एकाच वेळी आणले. सीके-4 साठी एचटीएचएस किमान 3.5, तर एफए-4 साठी 2.9 ते 3.2. दोन्हींत 10डब्ल्यू-30 बनतं, पण एफए-4 जुन्या इंजिनांसाठी सरसकट चालत नाही. डब्यावरचा ग्रेड तोच, वापराची परवानगी वेगळी.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी यात थोडी सुटका आहे. 15डब्ल्यू-40 आणि 20डब्ल्यू-40 या ग्रेडची किमान अटच 3.7 ची आहे. त्यामुळे खऱ्या, अटीत बसणाऱ्या ऑइलमध्ये खालची बाजू आधीच सांभाळलेली असते. फरकाचा प्रश्न मुख्यतः 30 ग्रेडला येतो.

मग कंपन्या कमी एचटीएचएस का वापरतात?

कारण घट्ट ऑइल ढवळायला इंधन लागतं. भारतात कारनिर्मात्यांना सरासरी इंधनवापराची 'कॅफे' मर्यादा 2017-18 पासून लागू झाली आणि 2022-23 पासून ती आणखी कडक झाली. मर्यादा गाठण्याचा एक मार्ग म्हणजे पातळ ऑइल. म्हणूनच नव्या पेट्रोल कारच्या पुस्तिकेत 0डब्ल्यू-20 आणि 0डब्ल्यू-16 दिसू लागले आहेत. त्यांची किमान अट अनुक्रमे 2.6 आणि 2.3 आहे.

अशी इंजिनं त्या ऑइलसाठीच बनवलेली असतात. बेअरिंगची रुंदी, फटी, ऑइल पंप, सगळं त्या हिशेबाने ठरतं. 'आपल्याकडे ऊन जास्त' म्हणून त्यात 20डब्ल्यू-50 ओतलं, तर सकाळी सुरू करताना वरच्या भागांपर्यंत ऑइल उशिरा पोहोचतं आणि इंधनही जास्त जातं. जास्त एचटीएचएस म्हणजे नेहमी चांगलं, असा याचा अर्थ नाही. शिवाय कॅम आणि टॅपेटसारख्या जागी थर टिकतच नाही. तिथे झीज रोखणारी रसायनं काम करतात आणि त्यांचा हिशेब या आकड्यात येत नाही.

दुकानात कसं ओळखायचं?

ऑइल बोटांवर चोळून किंवा तार ओढून एचटीएचएस कळत नाही. बोटावर ऑइल 35 अंशाला असतं, चाचणी 150 अंशाची आहे.

आधी गाडीची पुस्तिका उघडा. त्यात ग्रेडच्या पुढे एसीईए, एपीआय किंवा कंपनीचं स्वतःचं मानक लिहिलेलं असतं. तेच मानक डब्याच्या मागच्या बाजूला आहे का, हे पाहा. एसीईएचे ए3/बी4 आणि सी3 असतील तर एचटीएचएस किमान 3.5. सी2 असेल तर किमान 2.9. सी5 असेल तर 2.6 ते 2.9. नेमका आकडा हवा असेल, तर ऑइल कंपनीच्या संकेतस्थळावर त्या उत्पादनाचं तांत्रिक पत्रक असतं. त्यात अशी ओळ शोधायची:

```
HTHS Viscosity @ 150°C, mPa.s   ASTM D4683
```

पत्रकात ही ओळच नसेल आणि डब्यावर पुस्तिकेतलं मानकही नसेल, तर फक्त ग्रेड जुळतो म्हणून ते ऑइल घेऊ नये.

गाडीत बिघडतंय हे कसं कळतं?

चांगलं ऑइलही इंधन मिसळलं की पातळ होतं. डिझेल गाड्यांमध्ये धूर गाळणारा फिल्टर स्वतःला साफ करताना जास्तीचं डिझेल सोडतो आणि त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या असतील, तर साफसफाई पूर्ण होत नाही आणि हे वाढतं. पट्टीवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली किंवा ऑइलला डिझेलचा वास आला, तर किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता ऑइल बदलावं आणि कारण शोधावं.

घाट चढून आल्यावर, इंजिन तापलेलं असताना, गाडी उभी करून ठेवली की ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर तो गंभीर इशारा आहे. त्या क्षणी इंजिन बंद करून पातळी आणि दाब तपासून घ्यायला हवा. खालून ठोक ऐकू येऊ लागला, म्हणजे बेअरिंग आधीच झिजलेलं आहे. तिथून पुढचा खर्च ऑइलच्या डब्यांमधल्या फरकाशी तुलना करण्यासारखा राहत नाही.