मित्रांना माहीत, घरी नाही

मी गे आहे हे माझ्या सात-आठ मित्रांना माहीत आहे. खुलताबादेत अम्मी-अब्बांना नाही. शहरातले काहीजण याला दुटप्पीपणा म्हणतात; मला ते पटत नाही. 24 ऑगस्ट 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक कल हा खासगीपणाचा भाग मानला. म्हणजे कोणाला, कधी सांगायचं हे माझ्या हातात हवं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्रा. रामचंद्र सिरस यांच्या हातून ते 2010 मध्ये हिरावलं गेलं. कॅमेरा घेऊन माणसं घरात घुसली, विद्यापीठाने निलंबित केलं. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबन रोखलं. त्यानंतर आठवड्याभरात ते घरात मृतावस्थेत सापडले.

आता कॅमेऱ्याचीही गरज नाही, फोन नंबर पुरतो. बरेचजण दुसरं इन्स्टाग्राम खातं उघडतात, टोपणनाव घेतात, चेहरा टाकत नाहीत, पण नंबर तोच देतात. आपण कॉन्टॅक्ट सिंक बंद केलं तरी चुलतभावाने केलेलं नसतं. त्याच्या फोनबुकात आपला नंबर आहे, तेवढ्यावर त्याला आपलं खातं सुचवलं जाऊ शकतं. म्हणून दुसऱ्या खात्याला घरच्यांना माहीत नसलेला ईमेल द्यावा, नंबर देऊच नये. जोड लागली आहे का, हे पाहायला त्या खात्यातली Suggested for you यादी उघडा. तिथे मामू, खाला, गल्लीतली पोरं दिसू लागली, तर तेच खातं त्यांनाही दिसत असेल असं धरून चाला. अशा वेळी टोपणनाव बदलून काही होत नाही. खातं बंद करून वेगळ्या ईमेलवर नवं उघडलेलं बरं.

डेटिंग अ‍ॅपवर अडचण वेगळी. ग्राइंडरमध्ये Show Distance बंद करता येतं, तरी प्रोफाइल जवळून लांब अशाच क्रमाने लागतात. मुंबईत त्या गर्दीत माणूस हरवतो. आमच्या गावात मोजकी प्रोफाइल असतात, आणि दर्ग्याजवळच्या गल्लीत कोणाचं घर कुठे हे सगळ्यांना ठाऊक. (उरुसाचे दिवस सोडा, तेव्हा अर्धा मराठवाडा इथे असतो, पण नातेवाईकही तेव्हाच येतात.) मी ते अ‍ॅप घरून उघडत नाही, पंचवीस-एक किलोमीटरवर संभाजीनगरात गेल्यावरच.

राहिले मित्र, आणि इथे कुठलंच सेटिंग पुरं पडत नाही. टॅग मंजुरीवर ठेवला तर फोटो माझ्या प्रोफाइलवर येत नाही. मित्राच्या खात्यावर तो राहतोच. प्राइड मोर्चातला माझा चेहरा त्याच्या ओपन खात्यावर असेल, तर माझं खातं प्रायव्हेट असून उपयोग काय? म्हणून मी मित्रांना आधीच सांगतो: फोटो काढ, पण टाकण्याआधी मला विचार. एक-दोघांना याचा राग आला. येऊ दे, घरी जाऊन उत्तरं मला द्यायची आहेत.